एकच जंतू, एकच डिस्क, चार टेबलांवर चार झोन: अगारची जाडी आणि डिस्कमधलं अंतर

नदीकाठ
नमस्कार. मी तालुक्याच्या गावात पदवीच्या मुलांना मायक्रोबायॉलॉजी शिकवते. तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात अँटिबायोटिक डिस्कचा प्रयोग असतो. यंदा मुलांचे चार गट केले. जंतू एकच, इ. कोलायचा एटीसीसी २५९२२ हा कंट्रोल स्ट्रेन. जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅमच्या डिस्क एकाच बाटलीतल्या, इनक्युबेटरही एकच. दुसऱ्या दिवशी डिस्कभोवतीच्या जंतू न वाढलेल्या वर्तुळांचे, म्हणजे झोनचे, व्यास मोजले तर पहिल्या टेबलावर २२ मिमी, दुसऱ्यावर २३, तिसऱ्यावर २५ आणि चौथ्यावर २८. या स्ट्रेनला जेंटामायसिनचा झोन १९ ते २६ मध्ये यायला हवा.

म्यूलर-हिंटन अगारच्या प्लेटा मुलांनीच अंदाजाने ओतल्या होत्या. तिसऱ्या आणि चौथ्या टेबलाच्या प्लेटा नुसत्या डोळ्यांनाही पातळ दिसतात. तिसऱ्याचे झोन तर गोलही नाहीत, सगळे एकाच दिशेला फुगलेले आहेत. चौथ्या गटाने ९० मिमीच्या एका प्लेटवर सात डिस्क बसवल्या आणि सिप्रोफ्लॉक्सासिन व सेफ्ट्रायॅक्सोन शेजारी शेजारी ठेवल्या. त्या दोघांचे झोन एकमेकांत मिसळून गेले.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. जाडीमुळे खरोखर किती मिलिमीटरचा फरक पडतो? डिस्कमध्ये अंतर किती आणि का? आणि मुलं जर्नलमध्ये 'स्पष्ट झोन दिसला' एवढंच लिहितात, त्याऐवजी काय लिहायला सांगू?

रानवारा
मॅडम, मी एस.वाय.ला आहे. आम्हाला सांगितलंय की पातळ प्लेटमध्ये अन्न कमी असतं, त्यामुळे जंतू नीट वाढत नाहीत आणि झोन मोठा दिसतो.

शेवग्याची शेंग
वाचतेय. आमच्या वेळी 'साधारण अर्धी प्लेट भरा' असं सांगायचे.

जुनीलॅब
नदीकाठ, मी पुण्यात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कल्चर बघते. जाडीपासून सुरू करते.

डिस्कमध्ये औषध मोजून घातलेलं असतं. ओल्या अगारवर डिस्क टेकली की ते बाहेर पडायला लागतं, बाजूलाही आणि खालीही. खाली गेलेलं औषध प्लेटच्या तळाला अडतं आणि मग त्याला बाजूलाच सरकावं लागतं. अगार पातळ असेल तर तळ लवकर लागतो, तेवढंच औषध कमी अगारमध्ये वाटलं जातं आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं प्रमाण जास्त राहतं. म्हणून झोन मोठा. जाड अगारमध्ये तेच औषध खोलवर पसरून विरळ होतं, झोन लहान.

आता किती? अगारची जाडी निम्मी करणं म्हणजे ढोबळमानाने डिस्कमधलं औषध दुप्पट करणं. पण औषध दुप्पट झालं म्हणून झोन दुप्पट होत नाही. डिस्कपासून दूर जावं तसं प्रमाण फार झपाट्याने उतरतं, त्यामुळे दुप्पट औषधानेही व्यास दीड-दोन, फार तर तीन मिमीनेच वाढतो. ४ मिमीऐवजी अडीच मिमीची प्लेट असेल तर व्यासात एक ते दोन मिमीची वाढ मी समजू शकते.

म्हणजे तुमच्या तिसऱ्या टेबलाचे २५ जाडीत बसतात. चौथ्याचे २८ माझ्या हिशेबात बसत नाहीत. तिथे जाडीशिवाय आणखी काहीतरी झालंय. त्या प्लेटा टाकून दिल्या नसतील तर लॉन, म्हणजे प्लेटभर पसरलेली जंतूंची वाढ, जवळून बघा. डिस्कपासून लांब, जिथे औषधाचा संबंधच नाही तिथे, वाढ सलग आहे की सुट्या सुट्या वसाहती मोजता येतात?

जुनीलॅब
आणि रानवारा, तुझं उत्तर अर्धं बरोबर आहे. वाढ हळू झाली तर झोन मोठा होतो, हे खरं. पण कारण अन्न नाही. झोनची कड दुसऱ्या दिवशी दिसते, मात्र ती ठरते पहिल्या काही तासांतच. एका बाजूने औषध पुढे सरकत असतं, दुसऱ्या बाजूने जंतू वाढत असतात. एखाद्या जागी पुरेसं औषध पोचायच्या आत तिथली वाढ ठरावीक गर्दीपर्यंत गेली, की मागून आलेलं औषध ती जागा मोकळी करू शकत नाही. त्या वेळी कुठलाही जंतू उपाशी नसतो. १५ मिली म्यूलर-हिंटनमध्येही एका रात्रीच्या लॉनला पुरून उरेल एवढं अन्न असतं.

रानवारा
पटलं, पण हे सिद्ध कसं करायचं? पातळ प्लेट म्हणजे अन्नही कमी आणि जाडीही कमी, दोन्ही एकदमच बदलतं ना?

मँचेस्टरकर
रानवारा, प्रश्न आवडला. आधी नुसत्या पाण्यातल्या अगारचा थर ओत, अन्नाशिवाय. तो घट्ट झाला की वर म्यूलर-हिंटनचा तेवढाच थर दे जेवढा पातळ प्लेटमध्ये होता. एकूण जाडी ४ मिमी होईल, अन्न मात्र पातळ प्लेटएवढंच राहील. झोन लहान झाला तर जाडी कारणीभूत, तसाच मोठा राहिला तर अन्न.

इथल्या लॅबमध्ये आम्ही युकास्टचे, म्हणजे या चाचण्यांच्या युरोपीय समितीचे, नियम पाळतो, प्लेटा तयार येतात. त्यात अगारची खोली ४ मिमी, अर्धा मिमी इकडेतिकडे, असं बंधन आहे. ९० मिमीच्या प्लेटला त्यासाठी साधारण २५ मिली लागतात. तरी नवा लॉट आला की आम्ही खोली तपासतोच.

चष्मिष
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण झोनचाच आहे. बाबांच्या लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट आलाय, इ. कोलाय निघालाय. आमच्या लॅबने झोनचे आकडेही छापलेत. सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर २३ मिमी आहे आणि नायट्रोफ्युरँटॉइनसमोर १८. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन दिलं. जास्त झोनवालं औषध सोडून कमीवालं का दिलं असेल?

जुनीलॅब
चष्मिष, दोन वेगळ्या औषधांच्या झोनची एकमेकांशी तुलना करायचीच नसते. सिप्रोची डिस्क ५ मायक्रोग्रॅमची, नायट्रोफ्युरँटॉइनची ३००ची. दोन्ही रेणू अगारमध्ये वेगवेगळ्या वेगाने पसरतात. प्रत्येक औषधाची पट्टी त्यामुळे वेगळी ठरवलेली आहे. सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या तक्त्यात या जंतूला सिप्रो २६ किंवा त्याहून जास्त असेल तरच 'संवेदनशील' म्हणतात. २३ हा मधल्या गटात जातो. नायट्रोफ्युरँटॉइनला १७ पासूनच 'संवेदनशील' आहे, म्हणजे १८ चालतो. आकडा लहान असला तरी निकाल त्याच्या बाजूने आहे. शिवाय लॅबला तुमच्या बाबांचं वय, किडनी, ताप यांतलं काही माहीत नसतं. ते डॉक्टर बघतात. काही शंका असेल तर रिपोर्ट घेऊन त्यांनाच विचारा.

चष्मिष
आता कळलं. रिपोर्टवर आकड्याशेजारी ती पट्टी छापायला हवी होती. धन्यवाद ताई.

गोठा_कोल्हापूर
मी पशुवैद्यक आहे. कासदाहाच्या दुधातून स्टॅफिलोकोकस काढून आम्ही झोन बघतो. जाडीचं म्हणाल तर आमच्याकडे वेगळा त्रास होता. सुट्टीवरून आलेला मुलगा 'कमी पडायला नको' म्हणून प्लेट काठोकाठ भरायचा. झोन सगळे आखडलेले, आणि चांगल्या चालणाऱ्या औषधासमोरही शेतकऱ्याला 'चालणार नाही' असा रिपोर्ट जायचा. जाड प्लेटचं नुकसान कुणी धरत नाही, सगळे पातळ प्लेटवरच बोलतात.

जुनीलॅब
डॉक्टर, मुद्दा रास्त आहे. तरी मी पातळ प्लेटला जास्त घाबरते. जाड प्लेटमुळे चालणारं औषध हातचं जातं, पण बहुतेकदा दुसरं मिळतं. पातळ प्लेटमुळे न चालणारं औषध चालणारं म्हणून छापलं जातं आणि ते रुग्णाला दिलं जातं.

जेंटामायसिनचंच घ्या. सीएलएसआयने २०२३ मध्ये आतड्यातल्या जंतूंसाठी पट्टी बदलली. आता १८ आणि वर संवेदनशील, १५ ते १७ मधलं, १४ आणि खाली प्रतिरोधक. एखाद्या रुग्णाच्या जंतूचा खरा झोन १६ आहे. अडीच मिमीच्या प्लेटवर तो १८ दिसला की रकाना बदलला. दोन मिमी ऐकायला काहीच नाहीत, पण मधला रकाना सगळा मिळून तीनच मिमीचा आहे.

नदीकाठ
सगळ्यांचे आभार. प्लेटा अजून होत्या. ताई म्हणाल्या तसं लॉन बघितलं. पहिल्या तीन टेबलांवर सलग, दुधट थर आहे. चौथ्यावर मात्र थर विरळ आहे, काठाकडे सुट्या वसाहती स्पष्ट मोजता येतात. मुलांना विचारलं तर कळलं की त्यांनी ठरावीक गढूळपणाची मॅकफर्लंड ०.५ ची नळी शेजारी धरून ताडली नव्हती, नजरेनेच गढूळपणा ठरवला. स्वॅबही एकाच दिशेने फिरवला होता.

जाडीसाठी प्लेटच्या मधून चौकोनी तुकडा कापून आडवा ठेवला आणि मोजला. पहिल्या टेबलाचा जवळजवळ ४ मिमी, चौथ्याचा अडीच. तिसऱ्याचा एका कडेला सव्वातीन आणि समोरच्या कडेला दोनच.

जुनीलॅब
मग चौथ्याचा उलगडा झाला. जंतू कमी पेरले की ती ठरावीक गर्दी जमायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात औषध आणखी पुढे जातं. पातळ अगार आणि विरळ पेरणी, दोन्ही एकाच दिशेला ओढतात. सुट्या वसाहती दिसल्या की ती प्लेट मोजायचीच नाही, परत लावायची.

तिसऱ्याचं टेबल उतरतं आहे. ओतताना अगार उताराला गेला. झोन ज्या बाजूला फुगलाय तीच पातळ बाजू असणार, ताडून बघा. अशा प्लेटवर एकच औषध पातळ कडेला ठेवलं तर मोठं आणि जाड कडेला ठेवलं तर लहान दिसेल. झोन अंडाकृती दिसला की आधी प्लेट डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून बघायची सवय लावा.

नदीकाठ
ताडलं. फुगवटा बरोबर दोन मिमीच्या कडेकडेच आहे.

गोठा_कोल्हापूर
गवंड्याकडची पाणसळ आणून टेबलावर ठेवा. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घालून बुडबुडा मधे आणा आणि मग ओता. अगार ४५ ते ५० अंशांवर असावा. फार गार झाला तर ओततानाच गोठतो आणि लाटा राहतात.

मँचेस्टरकर
प्लेट कापायची गरज नाही. रिकाम्या प्लेटचं वजन घ्या, भरल्यावर पुन्हा घ्या. एक मिली अगार म्हणजे साधारण एक ग्रॅम. २५ ग्रॅमच्या आसपास आलं की झालं.

रानवारा
मी हिशेब करून बघितला. ९० मिमी व्यास आणि ४ मिमी खोली धरली तर साडेपंचवीस मिली येतात. पण आमच्या प्लास्टिकच्या प्लेटचा आतला व्यास पट्टीने मोजला तर ८५च भरतो. त्या हिशेबाने पावणेतेवीस मिलीच पुरतात. मग २५ ओतले तर जाडी ४ पेक्षा जास्त नाही का होणार?

मँचेस्टरकर
होईल, ४.४ च्या आसपास. अर्ध्या मिमीची मुभा आहे त्यात बसते. पण तू केलंस ते योग्य केलंस. कंपनीगणिक प्लेटचा आतला व्यास बदलतो, म्हणून मिली पाठ करण्यापेक्षा खोली मोजणं चांगलं.

जुनीलॅब
मला इथे थोडं वेगळं वाटतं. ओतणाऱ्या माणसाच्या हातात एकच आकडा द्यावा, २५ मिली, आणि तो मोजपात्राने द्यावा. रोज व्यास मोजत बसलं तर कुणी काहीच मोजणार नाही.

हळदीकुंकू
माझी मुलगी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने शाळेतल्या बाईंच्या देखरेखीखाली हळदीच्या पाण्याच्या डिस्क लावल्या. झोन जवळजवळ आलाच नाही आणि ती हिरमुसली. हळद जंतुनाशक नाही असं समजायचं का?

जुनीलॅब
नाही, तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. हळदीतलं करक्युमिन पाण्यात जेमतेमच विरघळतं. ते डिस्कमधून बाहेर अगारमध्ये पसरतच नाही, मग झोन कुठून येणार? झोन मिळायला दोन गोष्टी लागतात: पदार्थाने जंतू रोखला पाहिजे आणि त्याला अगारमधून चालता आलं पाहिजे. तिला तक्त्यावर हेच लिहायला सांगा. परीक्षकांना ते हळदीच्या मोठ्या झोनपेक्षा जास्त आवडेल.

हेच मोठ्या औषधांचंही होतं. कोलिस्टिनचा रेणू बोजड असतो, अगारमध्ये रांगतच जातो. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या जंतूंच्या झोनमध्ये इतका कमी फरक राहतो की डिस्कवरून निकाल देऊ नये असंच मार्गदर्शन आहे. त्यासाठी द्रव माध्यमात वेगवेगळी प्रमाणं लावून बघतात.

शेवग्याची शेंग
मूळ प्रश्नातला दुसरा भाग राहिलाच. सात डिस्कचं काय?

जुनीलॅब
हो, त्याकडेच येत होते.

डिस्कच्या मध्यापासून मध्यापर्यंत किमान २४ मिमी, हा सीएलएसआयचा नियम. १५० मिमीच्या मोठ्या प्लेटवर बारापेक्षा जास्त नाहीत आणि १०० मिमीच्या प्लेटवर पाचपेक्षा जास्त नाहीत. पण २४ हा कमीत कमी आकडा आहे, तेवढं ठेवलं म्हणजे झोन भिडणार नाहीत असं नाही.

नदीकाठ, तुमचीच प्लेट घ्या. आतला व्यास ८५ धरू. काठापासून १५ मिमी आत डिस्क ठेवल्या तर त्या साधारण २७ मिमी त्रिज्येच्या वर्तुळावर बसतात. वर्तुळावर सहा डिस्क समान अंतरावर ठेवल्या तर शेजारच्या दोन डिस्कमध्ये २७ मिमीच येतात, आणि मधोमध सातवी ठेवली तर तीही सगळ्यांपासून २७ वर. नियमाला धरून झालं. आता २५९२२ वर सिप्रोचा झोन २९ ते ३८ येतो आणि सेफ्ट्रायॅक्सोनचा २९ ते ३५. दोन्हींचा ३२ धरा, म्हणजे दोन्हीकडून १६-१६ मिमी. मधे जागा २७, लागतात ३२. पाच मिमी एकमेकांत घुसणारच. पाच डिस्क ठेवल्या असत्या तर अंतर जवळजवळ ३२ झालं असतं आणि झोन नुसते टेकले असते.

मँचेस्टरकर
युकास्ट ९० मिमीवर सहापर्यंत परवानगी देतं. आम्ही रोज सहाच लावतो. कोण कोणाशेजारी बसतं यावर सगळं अवलंबून आहे. मोठा झोन देणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना लहान झोन देणारी औषधं ठेवायची. सिप्रोच्या शेजारी जेंटामायसिन ठेवलं तर १६ आणि ११ मिळून २७, बरोबर मावतं.

गोठा_कोल्हापूर
भिडले तर मोकळ्या बाजूची त्रिज्या मोजून दुप्पट करायची. आम्ही तेच करतो.

जुनीलॅब
मी करत नाही, डॉक्टर. कंट्रोल स्ट्रेनवर निदान काय यायला हवं ते माहीत असतं. रुग्णाच्या जंतूवर मात्र दोन झोन भिडतात तिथे दोन औषधं एकत्र काम करत असतात. मोकळ्या बाजूची त्रिज्या खरी असेलही, पण डिस्क अगदी मध्यात बसलीय आणि अगार सगळीकडे सारखा आहे हे धरूनच ती दुप्पट करता येते. नदीकाठांच्या तिसऱ्या टेबलाच्या प्लेटवर हाच हिशेब चुकीचा ठरेल.

गोठा_कोल्हापूर
शहरात परत लावायला प्लेटा असतात. आमच्याकडे गाय दारात उभी असते. मी त्रिज्येवर राहतो, पण रिपोर्टवर तसं लिहून देतो.

नदीकाठ
दोघांचंही मुलांपुढे ठेवते. एक विचारू का? मुद्दाम जवळ डिस्क लावतात ते कशासाठी?

जुनीलॅब
अंतराचं सगळ्यात चांगलं उदाहरण तेच आहे. गळवाच्या पुवातून स्टॅफिलोकोकस ऑरिअस आला. एरिथ्रोमायसिन प्रतिरोधक, क्लिंडामायसिनचा झोन मात्र २४ मिमी, छान गोल. प्लेटवर दोन्ही डिस्क समोरासमोरच्या काठांना होत्या. हा रिपोर्ट तसाच गेला असता तर क्लिंडामायसिन 'संवेदनशील' म्हणून गेलं असतं.

परत लावताना एरिथ्रोमायसिन १५ मायक्रोग्रॅम आणि क्लिंडामायसिन २ मायक्रोग्रॅम जवळ ठेवल्या, कडेपासून कडेपर्यंत २० मिमी. या चाचणीला स्टॅफिलोकोकससाठी १५ ते २६ चालतं. दुसऱ्या दिवशी क्लिंडामायसिनच्या झोनची एरिथ्रोमायसिनकडची बाजू चपटी, सरळ रेघ मारल्यासारखी. बाकी तीन बाजू गोल. त्या जंतूत प्रतिरोध झोपलेला असतो आणि एरिथ्रोमायसिन त्याला जागं करतं. जिथवर एरिथ्रोमायसिन पोचलं तिथवर जंतू क्लिंडामायसिनला जुमानत नाही. डिस्क लांब ठेवल्या तर पुरेसं एरिथ्रोमायसिन त्या झोनच्या कडेपर्यंत पोचतच नाही आणि झोन गोल, निष्पाप दिसतो.

उलट, क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असलेल्या डिस्कशेजारी सेफोटॅक्झिम ठेवलं आणि मधल्या बाजूला झोन फुगून पुढे आला, तर जंतू सेफोटॅक्झिमसारखी औषधं मोडणारं ईएसबीएल एन्झाइम बनवतोय असं समजतं.

म्हणून वर्णन लिहिताना मुलांना आकार लिहायला लावा. गोल आहे का, कुठली बाजू चपटी किंवा फुगलेली आहे, आणि त्या बाजूला शेजारी कुठली डिस्क आहे. फुगवटा शेजारच्या डिस्ककडे असेल तर दोन औषधांचा खेळ. प्लेटवरचे सगळे झोन एकाच दिशेला फुगले असतील तर उतरता अगार.

नदीकाठ
हे फारच कामाचं आहे. कडेबद्दल काय लिहायचं?

जुनीलॅब
कड धारदार की विरत गेलेली. पेनिसिलिनच्या डिस्कभोवती स्टॅफिलोकोकसची कड कापल्यासारखी धारदार आणि तिथे वसाहती जाड दिसल्या, तर झोन मोठा असूनही तो जंतू पेनिसिलिन मोडणारं एन्झाइम बनवतो असं धरतात. कड हळूहळू विरत गेली असेल तर बरं. मुलांना उलटं वाटतं, धारदार म्हणजे स्वच्छ म्हणजे चांगलं.

झोनच्या आत सुट्या वसाहती असतील तर तेही लिहायचं. कल्चर मिसळलेलं असेल किंवा काही जंतू खरोखर प्रतिरोधक असतील, पुन्हा शुद्ध करून बघायचं. व्यासात डिस्कचे ६ मिमी धरलेले असतात, म्हणून झोन नसेल तर ० नाही, ६ लिहायचं. प्लेट पालथी करून काळ्या पार्श्वभूमीवर, वरून पडणाऱ्या उजेडात मोजायची.

रानवारा
मॅडम, आमच्या सरांच्या परवानगीने मी मँचेस्टरकर दादांचा प्रयोग केला. पातळ प्लेटवर जेंटामायसिन २४ आलं. खाली नुसत्या अगारचा थर देऊन ४ मिमी केलेल्या प्लेटवर २२. प्रत्येकी एकच प्लेट होती, त्यामुळे मी यावर जास्त बोलत नाही.

मँचेस्टरकर
शाबास. एकाच प्लेटचं असलं तरी दिशा बघ. खालच्या थरात झिरपून अन्न उलट आणखी विरळ झालं असणार. तुझं आधीचं म्हणणं खरं असतं तर झोन वाढायला हवा होता, तो कमी झाला. अजून पाच-सहा प्लेटा लाव आणि त्याच दिवशी पूर्ण ४ मिमी म्यूलर-हिंटनचीही एक लाव.

नदीकाठ
आमच्याकडेही पुन्हा केलं. टेबलं पाणसळीने सारखी केली, मोजपात्राने २५ मिली ओतलं, मॅकफर्लंडची नळी शेजारी धरली, प्लेट ६० अंशांनी फिरवत तीनदा स्वॅब केला आणि शेवटी काठावरून फिरवला. प्लेटवर पाचच डिस्क. चार टेबलांवर जेंटामायसिन २२, २२, २१ आणि २४. झोन गोल आहेत. सिप्रो ३३, शेजारच्याला जेमतेम शिवतोय.

चौथं टेबल अजूनही दोन मिमी पुढे का, ते कळत नाही. जाडी मोजली, ४ आहे. लॉनही सलग आहे.

मँचेस्टरकर
डिस्क ठेवल्यावर प्लेट इनक्युबेटरमध्ये जायला किती वेळ गेला? आमच्याकडे पंधरा मिनिटांची मर्यादा आहे. बाहेर ठेवली की औषध पसरत राहतं आणि जंतू मात्र अजून नीट वाढायला लागलेले नसतात.

नदीकाठ
चौथ्या गटाने डिस्क सगळ्यात आधी लावल्या आणि बाकीच्यांची वाट बघत थांबले. अर्धा तास तरी गेला असेल. पण नक्की मोजलेलं नाही.

गोठा_कोल्हापूर
किंवा मोजणारा वेगळा असेल. दोन मुलांनी एकच झोन मोजला तर एक मिमीचा फरक सहज पडतो.

नदीकाठ
तेही आहे. पुढच्या बॅचला प्रत्येक टेबल डिस्क लावल्याची वेळ प्लेटमागे लिहील, आणि चारही टेबलांचे झोन एकाच मुलीकडून मोजून घेईन. निकाल इथेच टाकते.